हिंदुरावांची मांडी आणि रंगा पैलवानाची म्हातारी

माणसाने दुसऱ्याच्या अवयवांविषयी तक्रार करू नये, हे मला कळते. तरीही सणसरच्या हिंदुरावांच्या उजव्या मांडीविषयी मला तक्रार आहे. ती मांडी मोडली नसती, तर माझ्या आयुष्यातील एक संपूर्ण उन्हाळा मी माझ्या ओसरीवर बसून, सरकारदरबारी न वाचल्या जाणाऱ्या अर्जांचे मसुदे करण्यात सुखाने घालवला असता.

हिंदुराव माझे मावसभाऊ, माझ्याहून वयाने मोठे. पुण्यात राहून मॅट्रिक झालेला आमच्या घराण्यातला मी पहिला, आणि मॅट्रिक होऊनही ज्याचे काही झाले नाही असाही पहिलाच. इंदापूरच्या एका कचेरीत मी कारकून होतो. माझ्या हाताखाली शिकलेली माणसे माझ्या डोक्यावर बसली, आणि मी प्रकृतीचे कारण देऊन गावी परतलो. प्रकृतीला काहीही झालेले नव्हते. हिंदुरावांनी शाळेचे तोंड जेमतेम पाहिले. परंतु तरुणपणी अंथुर्ण्यापासून शेळगावापर्यंतच्या जत्रांत त्यांनी कुस्त्या मारल्या, पाटाचे पाणी आल्यावर ऊस लावला, नव्या साखर कारखान्याचे सभासद झाले, आणि जिथे जातील तिथे लोक त्यांना बसायला घोंगडे टाकू लागले. मला लोक ‘बापूसाहेब’ म्हणतात. त्यातला ‘साहेब’ हा शब्द हिंदुरावांनी प्रथम चिकटवला, आणि तो आदरापोटी चिकटवलेला नव्हता.

मांडी मोडली ती शौर्याने नव्हे. उसाने भरलेल्या गाडीवरून उतरायला शिडी असते, दोर असतो, निदान गडी असतो. हिंदुरावांनी उडी मारली. पन्नाशीच्या माणसाने उडी का मारावी, असे मी नंतर विचारले. “आमी उतरत न्हाय, उडी मारतो,” एवढेच उत्तर मिळाले.

बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांना काही दिवस दवाखान्यात ठेवले आणि मग घरी पाठवले. पायाला चिकटपट्ट्या, पट्ट्यांना दोरी, दोरी खाटेच्या पायथ्याशी बसवलेल्या कप्पीवरून खाली, आणि टोकाला वाळूची पिशवी. पायथ्याखाली विटा, म्हणजे माणूस वजनाबरोबर खाली ओढला जाऊ नये. डॉक्टरांनी सारजावहिनींना माझ्यादेखत बजावले, “हे वजन हाडाची दोन टोके ओढून सरळ रेषेत धरते. हे उठून बसले, की टोके एकमेकांवर चढतील, आणि तशीच जुळली तर पाय कायमचा आखूड. मग काठी सुटायची नाही. हाड जुळेपर्यंत पाठ खाटेवरून उचलायची नाही.”

हिंदुरावांना उताणे निजवणे ही गोष्ट जत्रांतल्या पैलवानांना जमली नव्हती. ती माझ्यावर सोपवण्यात आली.

“भाऊजी, तुमाला दुसरं काम तरी काय हाय?” वहिनी म्हणाल्या. अपमान अचूक होता, म्हणून मी मान्य केला.

पहिल्या दिवशी मी वर्तमानपत्र वाचून दाखवले. अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात हिंदुराव कोपरांवर उठले आणि वाळूची पिशवी कप्पीपर्यंत चढली. मी ओरडलो, वहिनी धावल्या, ते पुन्हा आडवे झाले. “त्यापेक्षा मीच काय तरी सांगतो,” ते वैतागून म्हणाले, आणि आढ्याकडे पाहत त्यांनी सुरुवात केली: रंगा नावाचा पैलवान होता, त्याची घोडी चोरीला गेली.

थोडे सांगून झाल्यावर ते थांबले. “हा वाफा भरला. बापूसाहेब, म्होरलं दारं मोडा.”

उसाला पाणी देताना एक वाफा भरला की त्याचे तोंड मातीने बंद करायचे आणि पुढच्याचे फोडायचे, याला आमच्याकडे दारे धरणे म्हणतात. हिंदुरावांनी जन्मभर दारे धरली होती; कथाही ते तशीच सांगणार हे उघड होते. मी पुढचे दारे मोडले. रंगाला मी एका संस्थानाच्या कचेरीत नेले. तिथे एक प्रामाणिक, परंतु उपेक्षित कारकून होता. त्याने रंगाचा अर्ज लिहून दिला, वरिष्ठांनी तो फेटाळला. मग हिंदुरावांनी पाणी पुन्हा आपल्याकडे वळवले: रंगा निराश होऊन गावाबाहेर आला, एका म्हातारीने त्याला भाकरी दिली आणि चोराचे नाव सांगितले, रंगाने चोराला कुस्तीत चीत केले, घोडी परत आली.

हिंदुराव दिवसभर खाटेवरून हलले नाहीत. मी घरी परतताना ताठ मानेने चाललो.

दुसऱ्या वेळी रंगाचे चांदीचे कडे चोरीला गेले. नंतर कधी बहीण पळवली गेली, कधी तालमीतला मारुतीच नाहीसा झाला. आम्ही दोघे रंगात आलो होतो. दोघेही आपापले काम उत्तम करत होतो, हेच दुर्दैव.

दुर्दैवाची पहिली सूचना मला हिंदुरावांच्या हाताने दिली. गोष्टीत ते रमलेले असत तेव्हा त्यांचे दोन्ही हात छातीवर असत. हळूहळू उजवा हात खाटेच्या कडेला जाऊ लागला, मग कप्पीच्या दोरीच्या दिशेने चाचपू लागला. माझे बोलणे चालू असताना ते माश्या मोजू लागले. ‘मग?’ हा शब्द, जो आरंभी दर चार वाक्यांमागे येत असे, तो येईनासा झाला. ‘मग?’ न विचारणारा श्रोता माझ्या परिचयाचा होता. माझे सर्व वरिष्ठ तसेच होते. त्यामुळे मी दोष नेहमीप्रमाणे श्रोत्यावर ठेवला.

दुसरी सूचना स्वयंपाकघरातून आली. हिंदुराव सांगत होते, रंगा वेशीबाहेर वडाखाली बसला, आणि—

“आता म्हातारी भाकरी देईल,” वहिनी आतून म्हणाल्या. पिठाची थाप एकदाही चुकली नाही.

हिंदुराव भडकले. “मंग काय रिकाम्या पोटी कुस्ती खेळंल व्हय त्यो?”

“खेळू द्या की. पर भाऊजी, तुमच्या त्या कारकुनाला बढती कदी मिळायची? दर येळी अर्ज फेटाळत्यात. मला तर त्याची कीव याया लागली.”

कारकुनाची कीव कुणाला यावी, अशी माझी जन्मभराची अपेक्षा होती. ती अशा रीतीने पूर्ण व्हावी अशी नव्हती.

त्याच क्षणी हिंदुरावांनी दोरी धरली. “बास झालं. मी बसतो उठून. पाठीला रग लागलीया.” मी त्यांचे खांदे दाबून धरले. माझ्यासारख्या माणसाने पैलवानाचे खांदे दाबणे हे दृश्य कसे दिसले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. ते हसू लागले, आणि हसण्याच्या नादात आडवेच राहिले. पण हसणे रोज पुरणार नव्हते. डॉक्टर येऊन गेले तेव्हा त्यांनी पायाची लांबी फीत लावून मोजली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि म्हणाले, “एकदा जरी नीट उठून बसलात, तर मग मला बोलावू नका.”

डॉक्टर गेल्यावर मी ओसरीवर बसलो. वहिनींनी निवडायला ठेवलेल्या चिंचोक्यांची रास पुढे होती. मी ते मांडू लागलो: वस्तू जाते, हा एक, रंगा कचेरीत जातो, दोन, अर्ज फेटाळतात, म्हातारी सांगते, कुस्ती, परत. त्याखाली कड्याची रांग, तिच्याखाली बहिणीची, तिच्याखाली मारुतीची. सर्व रांगा तंतोतंत एकाखाली एक बसल्या. बदलत होती ती फक्त चोरीला जाणारी वस्तू. रंगा पहिल्या दिवशी जसा होता तसाच शेवटच्या दिवशी होता. त्याचे काही कमी झाले नव्हते, त्याला काही नवे कळले नव्हते. त्याने जिंकलेल्या कोणत्याही गोष्टीची पुढच्या गोष्टीला आठवण नव्हती.

आणि ते का, हेही तेव्हा लक्षात आले. आमच्या गावात सगळे पाटाच्या पाळीने चालते. पाणी येते, वरचा बांधकरी ते अडवतो, आपण ओरडतो, कुणीतरी येऊन सांगते कोणी अडवले, भांडण होते, पाणी येते. काही दिवसांनी पाळी पुन्हा येते आणि तेच सगळे नव्याने. हिंदुराव गोष्ट पाळीप्रमाणे सांगत होते, कारण जगही पाळीप्रमाणेच चालते अशी त्यांची समजूत होती. मी ती अर्जाप्रमाणे सांगत होतो. माझाही अर्ज दरवर्षी फेटाळला जातो आणि दरवर्षी मी तो पुन्हा करतो. हे समजल्यावर मला फारसे बरे वाटले नाही. दुसऱ्याच्या सवयीतला कंटाळवाणेपणा पाहणे सोपे असते. चिंचोक्यांच्या रांगेत आपलाच चिंचोका निघाला, की माणूस सारी रास पुन्हा टोपलीत ढकलतो. मी ढकलली.

मात्र गोष्टीत काहीतरी नवे घालायला हवे, इतके पक्के झाले. मी त्यात अतिशय विद्वत्तापूर्ण रीतीने चुकलो.

पहिल्यांदा मी दोन चोर आणले, दोघेही रंगाहून बलाढ्य. हिंदुरावांनी ऐकून घेतले. “पाळी तीच, बापूसाहेब, पाणी तेवढं जास्त सोडलंया.” उजवा हात पुन्हा दोरीकडे. जुनाच वाफा मोठा केला की तो नवा होत नाही, ही पहिली शिकवण.

दुसऱ्या दिवशी मी संतापून महापूर आणला. गावचे गाव वाहून गेले, कचेरी गेली, वड गेला, म्हातारी गेली. मला अत्यंत समाधान वाटले.

हिंदुराव इतक्या वेगाने कोपरांवर आले की पिशवीतली वाळू सळसळली. “माजी म्हातारी मारली? तुमी? कुनाला इचारून?”

“दादा, आडवे व्हा आधी!”

“ती म्हातारी मी आनली व्हती! तुमचा कारकून तुमी बुडवा, माजी म्हातारी तुमाला कुनी दिली?”

वहिनी पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि त्यांच्या छातीवर दोन्ही पंजे टेकवून त्यांना निजवले. शर्टावर दोन पांढरे पंजे उमटले. माझ्याकडे त्यांनी असे पाहिले की मी तत्काळ पूर मागे घेतला. “पूर स्वप्नात आला होता,” मी म्हणालो. “रंगाच्या स्वप्नात.”

“मंग ठीक हाय,” हिंदुराव धापा टाकत म्हणाले.

त्या दिवशी मला दोन गोष्टी उमजल्या. दोघांची गोष्ट दोघांची असते. दुसऱ्याने आणलेले माणूस मारून आपला वाफा भरणे म्हणजे चोरून बांध फोडणे. आणि आकाशातून पडलेली आपत्ती ही गुंतागुंत नव्हे, केवळ अपघात आहे. ती कोणालाही काही निवडायला लावत नाही. जे नवे हवे होते ते आमच्याच जुन्या सामानातून निघायला हवे होते, आणि असे निघायला हवे होते की कुस्तीने ते सुटू नये. कुस्तीने सुटले की झाले, पाळी पूर्ण, पुढचा चोर हजर.

घरी जाताना मी वाटभर त्याच म्हातारीचा विचार करत होतो. ती मला सुरुवातीपासून नकोशी होती, कारण तिच्यामुळे माझ्या कारकुनाचे महत्त्व कमी होत असे. आणि म्हणूनच, म्हणजे शुद्ध मत्सरामुळे, माझ्या डोक्यात प्रश्न आला: हिला दर वेळी चोराचे नाव माहीत कसे? गावे निराळी, चोर निराळे, म्हातारी एकच. इतके दिवस आम्ही दोघांनी तिला हा प्रश्न केला नव्हता. भाकरी खाल्ली आणि निघालो होतो. ज्या ठिकाणी गोष्ट पुन्हा पुन्हा त्याच खाचेत जात होती, त्याच खाचेत हात घालून पाहायचे होते.

दुसऱ्या दिवशी मी काही नवीन आणले नाही. रंगाची घोडी पुन्हा चोरीला गेली. हिंदुरावांनी डोळे मिटले. रंगा वडाखाली बसला. आतून वहिनी म्हणाल्या, “भाकरी.”

“भाकरी,” मी म्हणालो. “म्हातारीने भाकरी त्याच्या हातावर ठेवली. पण नाव सांगितले नाही. रंगाने विचारले, आजी, चोर कोण? ती म्हणाली, लेकरा, आजवर तू ज्यांना ज्यांना चीत केलेस, ते माझेच मुलगे. वाट सोडून चोऱ्या करत होते; तुझ्या हातून मार खाऊन ते वाटेवर येतील, म्हणून मी नावे दिली. आता राहिलाय धाकटा. त्याचा हात तुझ्याहून हलका आहे, आणि छातीत दुखणे आहे. तू त्याला आपटलेस तर तो मरेल. घोडी त्याच्याकडेच आहे. माझ्या हातची इतक्या वेळा भाकरी खाल्लीस. आता तूच सांग, नाव देऊ की नको?”

आणि मी थांबलो. हे सांगणे सोपे आहे. थांबणे कठीण होते. माझ्याजवळ उत्तर तयार होते, दोन उत्तरे होती, त्यांपैकी एकात तर कारकून फार शोभून दिसत होता. परंतु मी ते सांगितले असते तर हिंदुरावांना करायला काही उरले नसते, आणि ज्याला करायला काही उरत नाही तो उठून बसतो.

हिंदुरावांनी डोळे उघडले. हात छातीवरच होते. आतली थापही थांबली होती.

“मंजी आमी तिच्याच पोरांस्नी…” ते हळूच म्हणाले. “बेनं लई हुशार हाय तुमी, बापूसाहेब.”

“मग? दारे मोडा.”

“गप बसा. हे दारं आसं मोडायचं न्हाय. उद्या सांगतो.”

“घोडी सोडून द्या की,” वहिनी दारात आल्या.

“घोडीशिवाय त्यो रंगा कसला? आन धाकटं मेलं तर म्हातारीचं काय? तुला काय कळतंय, तू भाकरी बडव.”

“बडवते. पर तुमी खाताना इचार करा, कुनाच्या हातची खाताय.”

दुसऱ्या दिवशी ते काही सांगेनात. तिसऱ्या दिवशीही. मी घाबरलो, पण वहिनींनी सांगितले की ते आढ्याकडे बघत पडून राहतात आणि मध्येच ‘न्हाय, न्हाय’ असे पुटपुटतात. पाय हलवत नाहीत. मला एकदम समाधान आणि थोडा राग, दोन्ही आले; माझ्या अर्जांवर कोणीही इतका वेळ विचार केलेला नव्हता.

शेवटी त्यांनी वाफा उघडला. रंगा कुस्ती खेळला नाही. तो धाकट्याला घेऊन कचेरीत आला. “आन तितं,” हिंदुराव माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमचा कारकून. म्हातारी त्याच्याकडं आली. म्हनली, माज्या पोराचं नाव कागदावर लिवू नगंस. आन कारकुनानं लिवलं न्हाय.”

मी ताडकन उभा राहिलो. “शक्य नाही! माझा कारकून लाच घेणार नाही.”

“लाच कुठं? भाकरी खाल्ली.”

“तो भाकरीसुद्धा खाणार नाही! नियम आहेत!”

“दर येळी उपाशी अर्ज लिवून लिवून त्याचं काय झालं, त्ये आमी बघितलंय की. आता त्याला भूक लागली.” त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले, आणि खाटेवर वाढलेल्या दाढीआड ते किती खूष होते हे मी सांगत नाही. “वाफा भरला.”

मी खोलीत येरझारा घातल्या. मला बसायला सांगण्यात आले, मी बसलो नाही. वहिनी म्हणाल्या की मांडी यांची मोडलीय पण पाठीला रग भाऊजींच्या लागलीय. कारकुनाने नाव लिहिले नाही, तर त्याची प्रामाणिकता गेली, आणि ती गेली की त्याच्याजवळ उपेक्षेशिवाय काय उरते? लिहिले असते, तर म्हातारीचा मुलगा गेला. दोन्ही बाजूंनी माझेच काहीतरी बुडत होते. मी ज्या खाचेत हात घातला होता, तिने माझा हात धरून ठेवला होता.

यापुढे गोष्ट कधीही एकाच रांगेत बसली नाही. मी कारकुनाला वाचवायला म्हातारीच्या घरी पाठवले. हिंदुरावांनी धाकट्याला त्याच्या हाताखाली शिकाऊ उमेदवार नेमले. मी त्या उमेदवाराकडून एक चूक करवली. ती चूक रंगाच्या घोडीच्या दाखल्यात निघाली. घोडी अजून परत आली नव्हती, आणि ती यावी अशी आता कोणालाही घाई नव्हती. वहिनी भाकऱ्या थापता थापता दाराजवळ सरकल्या होत्या. एकदा तर त्यांनी मला परस्पर बांधावर गाठून सांगितले की धाकट्याचे लग्न लावू नका, सून वाईट निघेल.

डॉक्टर आले, दोरी सोडली, पट्ट्या काढल्या, फीत लावली. दोन्ही पाय सारखे भरले. त्यांनी फीत दोनदा लावली, कारण त्यांचाही विश्वास बसला नव्हता. “काय केलंत यांना इतके दिवस पाडून ठेवायला?” त्यांनी विचारले. मी उत्तर देण्यासाठी घसा साफ केला. तोवर हिंदुराव खाटेच्या कडेला पाय सोडून बसले होते आणि सर्वांचे लक्ष तिकडे गेले होते.

काही आठवडे काठीने, मग काठीशिवाय. पाळी आली त्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा ते खाटेवर नव्हते. उसात होते. खोऱ्याने माती ओढून दारे बांधत होते. बांधावर उभा राहून मी हाक मारली.

“दादा! शिकाऊ उमेदवाराने वरिष्ठांकडे तक्रार केली, इथे आपण थांबलो होतो. वाफा तुमचा आहे!”

“तुमचा हाय!” ते ओरडले. “म्या कालच भरला. कारकुनाला सस्पेंड केलंय!”

“कधी? मला कोणी सांगितले?”

“आता सांगितलं की!”

मी बांधावरून उतरलो. धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून चिखलात पाय टाकला, वहाण तिथेच रुतली. असा अन्याय मी कचेरीतही सहन केला नव्हता. चौकशी नाही, नोटीस नाही, खुलासा मागवलेला नाही. मी मोठ्याने हे सर्व सांगत त्यांच्या मागे निघालो. पण हिंदुराव पुढच्या सरीत गेले, आणि त्यापुढच्या. दोन्ही पाय सारखेच टाकत, इतक्या झपाट्याने, की माझे बोलणे त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत ते आणखी एका वाफ्यापलीकडे असत. मी एका पायात वहाण घालून उसात उभा राहिलो आणि ओरडून विचारले, निदान अर्धा पगार तरी चालू आहे का?